विवाह प्रमाणपत्र स्पॅनिशमध्ये नेताना

नोकरीनिमित्त स्पेनला गेलेला नवरा बायकोला तिकडे बोलावून घेतो, तेव्हा त्यांच्या विवाह प्रमाणपत्राचा स्पॅनिश अनुवाद लागतो. तो स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या शपथबद्ध अनुवादकाकडून, म्हणजे 'त्रादुक्तोर खुरादो'कडून करून घेणं सर्वांत खात्रीचं. महाराष्ट्रात मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर मराठीसोबत बहुधा इंग्रजी मजकूरही असतो, त्यामुळे इंग्रजीचा अनुवादक चालतो.

पण घाईने आधी अनुवाद करून घेऊ नये. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल आणि शेवटी अनुवाद, हा क्रम पाळावा. अपोस्टिलवरच्या दहा क्रमांकित नोंदीही स्पॅनिशमध्ये याव्या लागतात. आधी केलेल्या अनुवादात त्या नसतात आणि मग तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा होतो. समजा, वधूचं नाव 'अनिता रमेश पाटील' आहे. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, साधारणपणे एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. तिथला कारकून सहजच 'रमेश' हे पहिलं आडनाव समजतो. अनुवादकाने नाव मूळ क्रमानेच लिहावं आणि मधलं नाव वडिलांचं आहे, हे 'नोता देल त्रादुक्तोर' म्हणजे अनुवादकाच्या टिपेत सांगावं. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव असलं, तरी ते अनुवादात घालता येत नाही. मूळ कागदातली स्पेलिंगची चूकही अनुवादक सुधारत नाही. ती विवाह निबंधकाकडून दुरुस्त करून घ्यायची, आणि तीही अपोस्टिलच्या आधी.

तारखाही जपून वाचाव्या लागतात. लग्न लागल्याची, नोंदणीची आणि दाखला दिल्याची, अशा तीन तारखा एकाच कागदावर असू शकतात. स्पॅनिशमध्ये पहिली 'सेलेब्रासिओन'ची आणि दुसरी 'इन्स्क्रिप्सिओन'ची. या दोन्हींची अदलाबदल झाली, तर लग्नाचा दिवसच बदलतो. महिना अक्षरी लिहिला की गोंधळ टळतो. 'तालुका' हा शब्द तसाच ठेवून पुढे थोडक्यात अर्थ द्यावा. तिथल्या एखाद्या प्रशासकीय विभागाचं नाव त्याला चिकटवलं, तर ठिकाणाबद्दल भलताच समज होतो.

मांडणी मुळाशी ताडून पाहता येईल अशी हवी. तक्त्याच्या जागी तक्ता आणि रकान्यांचा क्रम तोच. गोल शिक्का असेल तिथे चौकटी कंसात 'सेयो' लिहून त्यातला मजकूर द्यायचा, न वाचता येणाऱ्या सहीसाठी 'फिर्मा इलेखिब्ले'. रिकामा रकाना गाळायचा नाही, तो रिकामा असल्याचं नोंदवायचं. अधिकारी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक ओळ तपासू शकतो. एखादी ओळ कमी दिसली, की त्याला शंका येणारच.

अनुवाद हाती आला की शेवटी अनुवादकाचं प्रमाणन, सही व शिक्का आणि मूळ कागदाची जोडलेली प्रत पाहून घ्यावी. मग पासपोर्ट समोर ठेवून नावांचं एकेक अक्षर आणि क्रमांकातला एकेक आकडा जुळवावा. हे काम अनुवादकावर सोडू नये, कारण आपल्या नावात काय चुकलंय हे आपल्यालाच सर्वांत लवकर कळतं.