खाटांच्या नोंदींचा तक्ता साफ करताना

रुग्णालयातल्या किती खाटा भरलेल्या आहेत, याची मोजणी साधारणपणे रात्री बारा वाजता होते. ड्यूटीवरची सिस्टर वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये आकडा लिहिते, तो संगणकात चढतो आणि महिनाअखेरीस रेकॉर्ड विभाग सॉफ्टवेअरमधून CSV फाइल काढतो. ही फाइल डोळ्यांनी वाचता येते, पण तिच्यावर हिशेब करायला गेले की अडचणी सुरू होतात. उदाहरणादाखल, बारा वॉर्डांच्या एका रुग्णालयाची मार्च 2024 ची फाइल अशी निघाली आहे असे धरू:

```
MMW,01/03/2024,27/30
,02/03/2024,28/30
,03/03/2024,
ICU ,01/03/2024,8/10
```

वॉर्डाचे नाव फक्त पहिल्या ओळीत आहे. भरलेल्या आणि मंजूर खाटा एकाच घरात कोंबल्या आहेत. 3 तारखेचा आकडा कोरा आहे. शिवाय प्रत्येक वॉर्डाखाली ‘एकूण’ची एक ओळ आणि फाइलच्या माथ्यावर रुग्णालयाचे नाव. यातून तारीख, वॉर्ड, मंजूर खाटा आणि भरलेल्या खाटा असे चार रकाने तयार करायचे असतात. एका ओळीत एका वॉर्डाची एका रात्रीची नोंद, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. संख्याशास्त्रज्ञ हॅडली विकहॅम यांनी 2014 च्या ‘टायडी डेटा’ या लेखात मांडलेला नियम हाच आहे: प्रत्येक गुणधर्माला एक रकाना, प्रत्येक निरीक्षणाला एक ओळ.

सर्वांत मोठे नुकसान मात्र साफसफाई सुरू होण्याआधीच झालेले असते. CSV फाइलवर डबल-क्लिक केले की एक्सेल प्रत्येक घरात काय असावे याचा स्वतःच अंदाज बांधतो. संगणकाची तारीख-पद्धत अमेरिकी असेल तर तो आधी महिना आणि मग दिवस असे वाचतो. त्यामुळे 05/03/2024 म्हणजे 5 मार्च ही नोंद गुपचूप 3 मे होते. 13/03/2024 चे काय होते? तेरावा महिना नसल्याने ती तारीख बनत नाही, नुसता मजकूर म्हणून पडून राहते. म्हणजे एकाच रकान्यात चुकीच्या तारखा आणि बरोबर मजकूर शेजारी-शेजारी नांदतात, आणि एक्सेल त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

ही गडबड ओळखू येते. रकान्याला वेगळी मांडणी दिलेली नसेल तर खऱ्या तारखा घराच्या उजव्या कडेला चिकटतात आणि मजकूर डाव्या. त्याहून पक्की खूण म्हणजे मार्चच्या फाइलमध्ये 3 जानेवारी, 3 फेब्रुवारी, 3 मार्च असे करत थेट 3 डिसेंबरपर्यंतच्या तारखा दिसू लागतात. महिन्याचे पहिले बारा दिवस वर्षभर विखुरलेले असतात. त्यांतली 3 मार्च तेवढी योगायोगाने बरोबर. खाटांच्या रकान्यातही हेच घडते. 27/30 सुखरूप राहते, पण अतिदक्षता विभागाचे 8/10 हे 10 ऑगस्ट होऊन बसते.

म्हणून फाइल डबल-क्लिकने उघडूच नये. कोऱ्या वर्कबुकमध्ये `Data` > `From Text/CSV` या वाटेने ती आत घ्यावी आणि `Data Type Detection` मध्ये `Do not detect data types` निवडावे. सगळे रकाने मजकूर म्हणून येतात. मग तारखेच्या रकान्यावर `Change Type` > `Using Locale` देऊन `English (India)` ठरवले की दिवस आणि महिना आपापल्या जागी बसतात. मूळ फाइल हाती नसेल, बिघडलेली एक्सेल फाइलच आली असेल, तर पुढचे सूत्र तारखा दुरुस्त करते:

```
=IF(ISNUMBER(A2),
 DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),
 DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)))
```

ते उलटलेल्या तारखा सुलट करते आणि मजकुराच्या तारखा करते. निरोगी रकान्यावर चालवले तर मात्र तेच सूत्र बिघाड घडवेल, त्यामुळे आधी वरची खूण तपासलेली बरी.

वॉर्डांच्या नावांत पहिले काम म्हणजे गाळलेली नावे भरणे. पॉवर क्वेरीतला `Fill Down` ते करतो, पण CSV मधली रिकामी घरे त्याला रिकामी वाटत नाहीत. त्यांच्या जागी आधी `null` घालावे लागते. ‘एकूण’च्या ओळी भरण्यापूर्वीच काढाव्यात. ‘एकूण’ हा शब्द वॉर्डाच्याच रकान्यात असेल, तर तो खाली उतरून एखाद्या वॉर्डाचे नाव बनू शकतो.

मग नावांची एकवाक्यता. एकच पुरुष वैद्यकीय वॉर्ड MMW, M.M.W., Male Med, पु. वैद्यकीय अशा चार रूपांत सापडतो. काही फरक तर दिसतही नाहीत. ‘ICU ’ च्या शेवटी एक मोकळी जागा आहे. वेब पानावरून आलेली मोकळी जागा वेगळ्या क्रमांकाची असते आणि नुसत्या `TRIM` ला दाद देत नाही. तिथे `=TRIM(SUBSTITUTE(B2,UNICHAR(160)," "))` लागते. देवनागरीत आणखी एक फसवणूक आहे. ‘वॉर्ड’मधला ऑ कोणी एकाच चिन्हाने टंकतो, कोणी काना आणि वरचा चंद्र वेगवेगळे देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी दोन निराळे शब्द.

अशा वेळी शोधा-आणि-बदला हा मार्ग मोहाचा, पण धोक्याचा आहे. ICU च्या जागी ‘अतिदक्षता’ घातले की नवजात बालकांचा NICU सुद्धा ‘Nअतिदक्षता’ होतो. त्याऐवजी दोन रकान्यांची एक यादी करावी: डावीकडे फाइलमध्ये आलेले प्रत्येक रूप, उजवीकडे ठरवलेले नाव. ती मुख्य तक्त्याला जोडली की नाव बदलते, आणि यादीत नसलेले रूप रिकाम्या घरातून लगेच उघडे पडते. ‘वॉर्ड 4’ म्हणजे नेमका कोणता, हे मात्र यादी सांगत नाही. तिथे सिस्टर इन्चार्जलाच विचारावे लागते.

आता मोजदाद. बारा वॉर्ड आणि 31 रात्री म्हणजे 372 ओळी हव्यात. 374 निघाल्या, तर एखाद्या वॉर्डाच्या दोन रात्री दोनदा नोंदल्या गेल्या असतील, बहुधा नंतर दुरुस्त करून. कोणती ठेवायची ते मूळ रजिस्टर पाहूनच ठरते. एखाद्या वॉर्डाच्या सगळ्याच ओळी दुप्पट झाल्या असतील, तर दोष नावांच्या यादीत आहे: एकच रूप तिच्यात दोनदा आले आहे. आणि तक्ता 2 मार्चला सुरू होऊन 1 एप्रिलला संपत असेल, तर सॉफ्टवेअरने मध्यरात्रीनंतरची वेळ छापली आहे. प्रत्येक तारीख एक दिवस मागे न्यावी लागेल.

कोऱ्या घराला शून्य समजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. तीस खाटांच्या वॉर्डात 28 रात्री रोज सरासरी 27 रुग्ण होते आणि तीन रात्रींची नोंदच नाही, असे समजू. नोंद असलेल्या रात्रींवर हिशेब केला तर 840 पैकी 756, म्हणजे 90 टक्के खाटा भरलेल्या. त्या तीन रात्री शून्य धरल्या तर 930 पैकी 756, जेमतेम 81 टक्के. म्हणून नोंद नसलेले घर कोरेच ठेवायचे, आणि वॉर्ड रंगकामासाठी बंद असेल तर त्या रात्रीच्या मंजूर खाटा शून्य धरायच्या.

उलट, तीस खाटांत 34 रुग्ण दिसले तर हात लावू नये. सरकारी रुग्णालयांत जमिनीवर गादी टाकून किंवा जादा खाट लावून रुग्ण ठेवले जातात, आणि शंभर टक्क्यांवरचा आकडा तेच सांगत असतो. आकडा 340 असेल तर एक शून्य जास्त पडले आहे. 24 आणि 34 यांतला खरा कोणता, हे तक्त्यातून आपोआप कळत नाही. आदल्या रात्रीच्या आकड्यात दाखल झालेले आणि दुसऱ्या वॉर्डांतून आलेले रुग्ण मिळवून, घरी गेलेले, दगावलेले आणि इतरत्र हलवलेले वजा केले की तो पडताळता येतो.