कोपऱ्यातला चेहरा आणि उसनी क्लिप

फुल एचडी व्हिडिओची चौकट 1920 पिक्सेल रुंद आणि 1080 पिक्सेल उंच असते. तिच्या खालच्या कोपऱ्यात बोलणाऱ्या माणसाची छोटी चौकट बसवायची झाली, तर बरेच जण ती प्रत्येक बाजूने पाव करतात : 480 बाय 270. पाव म्हटलं की आकार बरा वाटतो. पण रुंदी पाव आणि उंचीही पाव झाली की क्षेत्रफळ उरतं अवघा सोळावा हिस्सा. बाकीच्या पंधरा हिश्श्यांत दुसऱ्याचा सिनेमा, दुसऱ्याची बातमी किंवा दुसऱ्याचं गाणं चालू असतं.

मग सोळाव्या हिश्श्यात बसलेला माणूस या सगळ्या व्हिडिओला ‘माझा’ म्हणू शकतो का? थक्क करणारी गोष्ट अशी, की कधी कधी खुशाल म्हणू शकतो आणि न्यायालयही त्याच्या बाजूने उभं राहतं. ते कधी होतं हे ठरताना चौकटीचा आकार फारसा कामी येत नाही. कोण कधी थांबतं आणि कोण कधी बोलतं, यावर बरंच काही ठरतं.

आधी मांडणी पाहू. खालचा उजवा कोपरा सगळ्यांना आवडतो, पण तिथेच सर्वांत जास्त गर्दी असते. बातम्यांच्या क्लिपमध्ये तळाशी पट्टी सरकत असते. यूट्यूबची सबटायटल्स खाली मधोमध येतात आणि प्रेक्षकाने पडद्याला बोट लावलं की प्लेअरची बटणंही तळाशीच उगवतात. म्हणून चौकट कडेला चिकटवत नाहीत. उजवीकडे रुंदीच्या पाच टक्के, म्हणजे 96 पिक्सेल, आणि खाली उंचीच्या पाच टक्के, म्हणजे 54 पिक्सेल मोकळे सोडतात. क्लिपमध्ये पट्टी असेल तर चौकट तिच्याही वर चढवतात.

दुसरी अडचण फोनची. उभ्या धरलेल्या फोनवर आडवा व्हिडिओ जेमतेम सात सेंटिमीटर रुंद दिसतो. पाव रुंदीची चौकट मग पावणेदोन सेंटिमीटरची होते आणि तिच्यातही अर्ध्या जागेत मागची भिंत असते. चेहऱ्यावरचा भाव कुणाला दिसणार? यावर सोपा उपाय आहे. आख्खी फ्रेम लहान करण्याआधी ती डोकं आणि खांदे यांच्यापुरती कापून घ्यायची, मग लहान करायची. चौकट तेवढीच राहते, पण चेहरा दुपटीने मोठा दिसतो. बोलणाऱ्याने नजर क्लिपच्या दिशेला ठेवायची. उजव्या कोपऱ्यात बसून उजवीकडेच पाहिलं, तर प्रेक्षकाचे डोळेही पडद्याबाहेर जातात.

हे सगळं जमलं तरी कोपऱ्यातली चौकट ही अनेक मांडण्यांपैकी एक आहे. चांगल्या भाष्यव्हिडिओत तीन मांडण्या आलटून पालटून येतात. क्लिप चालू असताना ती मोठी आणि चेहरा कोपऱ्यात. मुद्दा मांडताना क्लिप थांबलेली, तिची एकच स्थिर फ्रेम एका बाजूला आणि माणूस पडद्याच्या निम्म्याहून जास्त भागात. युक्तिवाद लांबला की क्लिप पूर्ण गायब आणि समोर फक्त माणूस. प्रेक्षकाला समजावं म्हणून केलेली ही अदलाबदल कायद्याच्या प्रश्नालाही थेट जाऊन भिडते.

त्याचा पुरावा न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात आहे. मॅट हॉस या नावाने व्हिडिओ करणारे मॅट हुसेनझादे यांनी एक विनोदी लघुनाट्य यूट्यूबवर टाकलं होतं. लांबी 5 मिनिटं 24 सेकंद. इथन आणि हिला क्लाइन या ‘एच3एच3’ चॅनेलवाल्या जोडप्याने त्याची टर उडवणारा सुमारे 14 मिनिटांचा व्हिडिओ केला आणि त्यात मूळची 3 मिनिटं 15 सेकंद वापरली. हॉस यांनी 2016 मध्ये दावा ठोकला.

आता हिशेब मांडू. 5 मिनिटं 24 सेकंद म्हणजे 324 सेकंद आणि वापरलेली 195 सेकंद. मूळ कामाचा साठ टक्के भाग उचलला होता. ‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’ किंवा ‘तीस सेकंदांपर्यंत माफ असतं’ असं सांगणाऱ्या कुणालाही हा आकडा ऐकून धडकी भरावी. तरीही 23 ऑगस्ट 2017 रोजी न्यायाधीश कॅथरीन फॉरेस्ट यांनी निकाल क्लाइन यांच्या बाजूने दिला. कारण ती 195 सेकंद सलग नव्हती. थोडी क्लिप, मग थांबून तिच्यावर चर्चा, पुन्हा थोडी क्लिप, असं सारं चाललं होतं. संवाद, अभिनय, कथानक यांची एकेक करून चिरफाड होत होती. अशी तुकड्या-तुकड्यांत आलेली गोष्ट पाहून कुणाची मूळ लघुनाट्य पाहण्याची भूक भागणार नाही, म्हणून मूळ व्हिडिओची बाजारपेठ ती हिरावून घेत नाही, असं न्यायालयाला वाटलं.

याच निकालात एक इशाराही आहे आणि तो अनेकांच्या नजरेतून सुटतो. सगळेच रिअ‍ॅक्शन व्हिडिओ या संरक्षणात बसतात असं आम्ही म्हणत नाही, असं न्यायाधीशांनी स्पष्ट केलं. काही व्हिडिओंत दुसऱ्याच्या कामाचे छोटे तुकडे आणि त्यांच्यावरची टीका आलटून पालटून येतात, तर काहींत मंडळी जमून नुसती एखादी गोष्ट पाहत बसलेली असतात. क्लाइन यांचा व्हिडिओ पहिल्या जातीचा ठरला. कोपऱ्यात बसून पंधरा मिनिटं सलग क्लिप चालवणारा, अधूनमधून हसणारा आणि ‘बाप रे’ म्हणणारा माणूस दुसऱ्या जातीत मोडण्याची दाट शक्यता असते, मग त्याची चौकट कितीही सुबक असो.

हा निकाल अमेरिकेचा, तोही एका जिल्हा न्यायालयाचा. भारतातल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या कलम 52 मध्ये खासगी वापर आणि संशोधन, टीका किंवा समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी रास्त वापराची मुभा दिलेली आहे. त्यात सेकंदांचा कोटा कुठेही लिहिलेला नाही. किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि मूळ कामाच्या जागी ते उभं राहतं का, हे प्रत्येक प्रकरणात वेगळं तपासलं जातं. क्लिप आरशासारखी उलटी करणं, वेग थोडा वाढवणं, भोवती रंगीत किनार लावणं, खाली मालकाचं नाव लिहिणं यांतलं काहीही टीका किंवा समीक्षा ठरत नाही. नाव देणं हा सभ्यपणा आहे, पण त्याने परवानगी मिळत नाही.

धोका कुठे जास्त असतो? जिथे क्लिप स्वतःच्या बळावर प्रेक्षकाचं मन रमवते तिथे. क्रिकेट सामन्यातले षटकार एकामागून एक, सिनेमाचा शेवट, विनोदी कार्यक्रमातला आख्खा किस्सा. दुसरी धोक्याची जागा आहे सजावटीची क्लिप. बोलायचंय महागाईवर आणि मागे वृत्तसंस्थेने टिपलेली बाजाराची दृश्यं चालू आहेत. त्या दृश्यांबद्दल तुम्ही एक शब्दही बोलत नाही. मग समीक्षा कशाची केली, हे सांगता येत नाही. अशी दृश्यं विकणं हाच वृत्तसंस्थेचा व्यवसाय असतो, त्यामुळे तिथे वाद लवकर पेटतो.

सर्वांत फसवं मात्र गाणं. एका क्लिपमध्ये किती मालक एकावर एक बसलेले असतात हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. 1959 चा ‘सांगत्ये ऐका’ घ्या. भारतीय कायद्यात चित्रपटाचं संरक्षण प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतं, म्हणजे चित्रपट म्हणून त्याची मुदत 2019 च्या अखेरीस संपली. पण गीताची मुदत कवीच्या निधनानंतर मोजतात. त्याचे गीतकार ग. दि. माडगूळकर 1977 मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2037 च्या अखेरीपर्यंत जिवंत आहे. एकाच दृश्यातलं चित्र मोकळं झालंय आणि त्यातले शब्द अजून राखलेले आहेत. चित्रपट जुना आहे एवढ्यावर निर्धास्त होणारा माणूस नेमका इथे अडकतो.

यूट्यूबवर या हक्कांचा पहारा बव्हंशी यंत्र करतं. हक्कदारांनी दिलेल्या मूळ फायलींशी तुमचं चित्र आणि आवाज ‘Content ID’ जुळवून पाहतं. तुमच्या बोलण्याखाली गाणं अगदी मंद ठेवलं तरी ते ओळखलं जाऊ शकतं. तुम्ही समीक्षा करताय की नुसती मौज, हे मात्र त्या यंत्राला कळत नाही. जुळलं की दावा लागतो : व्हिडिओ अडवला जातो, त्याच्या जाहिरातींचं उत्पन्न हक्कदाराकडे जातं किंवा तो किती पाहिला जातोय यावर फक्त नजर ठेवली जाते. त्या दाव्याला आव्हान देता येतं आणि हक्कदाराला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. हक्कदाराने कायदेशीर नोटीस देऊन व्हिडिओ काढायला लावला, तर ‘स्ट्राइक’ बसतो. 90 दिवसांत असे तीन झाले की चॅनेलच बंद होऊ शकतं. दावा आणि स्ट्राइक यांतला हा फरक न कळल्याने काही जण साध्या दाव्यानेच घाबरून व्हिडिओ काढून टाकतात, तर काही जण खऱ्या नोटिशीकडे दुर्लक्ष करतात.

आता हे सगळं एका कामात उतरवू. समजा अडीच मिनिटांच्या एका ट्रेलरवर दहा मिनिटं बोलायचंय. ट्रेलर आधी आणि मत नंतर, हा क्रम उलटा करायचा. पहिल्यांदा वाक्य लिहायचं : ‘या ट्रेलरमध्ये नायिका बोलायला लागली की प्रत्येक वेळी कॅमेरा दुसरीकडे वळतो.’ मग हे सिद्ध करणारे तीन तुकडे शोधायचे, समजा 6, 9 आणि 7 सेकंदांचे. प्रत्येक तुकडा चालताना तो मोठा आणि चेहरा कोपऱ्यात. कॅमेरा वळला त्या फ्रेमवर क्लिप थांबवायची, ती बाजूला सरकवायची, स्वतः मोठं व्हायचं आणि अर्धा-पाऊण मिनिट त्याच फ्रेमवर बोलायचं. पार्श्वसंगीताबद्दल मुद्दा नसेल तर क्लिपचा आवाज पूर्ण बंद. एकूण उसनं साहित्य होतं 22 सेकंद, दीडशेपैकी जेमतेम पंधरा टक्के, आणि दहा मिनिटांत ते चार टक्केही भरत नाही.

संपादन झालं की दोन चाचण्या घ्याव्यात. आधी आपला आवाज बंद करून व्हिडिओ पाहायचा. तो तसाही मजेत पाहता आला, तर आपण लोकांना मूळ कामाची नक्कलच वाटत आहोत. मग उलट करायचं : क्लिप झाकायची आणि फक्त बोलणं ऐकायचं. एखादा तुकडा झाकूनही मुद्दा जसाच्या तसा पटत असेल, तर तो तुकडा सजावटीचा होता, तो काढून टाकावा. ज्याच्यावाचून वाक्य लंगडं पडतं, तेवढाच तुकडा ठेवावा. उद्या दाव्याला आव्हान देताना हा तुकडा इथे का आहे हे एका वाक्यात लिहावं लागतं, आणि ते वाक्य तुम्ही संपादनाला बसण्याआधीच लिहून ठेवलेलं असतं.