कोबी-फ्लॉवरमधली अळी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

थंडी पडली की सोलापूरच्या मंडईत फ्लॉवर आणि कोबीचे ढीग लागतात. साधारण त्याच दिवसांत मोबाईलवर एक जुना निरोपही पुन्हा फिरू लागतो : ‘कोबी खाऊ नका, त्यातली अळी मेंदूत जाते.’ तो वाचून काही घरांत कोबी कायमची बंद होते. बाकीच्या घरांत फ्लॉवर मीठ-हळदीच्या पाण्यात टाकतात आणि आता काळजी नाही म्हणून निश्चिंत होतात. दोन्हीकडे घोळ एकच आहे. डोळ्यांना दिसणारे किडे आणि डोळ्यांना न दिसणारी जंतांची अंडी हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

गैरसमज १ : कोबीतली अळी पोटात गेली तर मेंदूत पोचते.

वस्तुस्थिती : कोबी-फ्लॉवरवर सर्वांत जास्त आढळते ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. ती फिकट हिरवी असते, दोन्ही टोकांना निमुळती असते आणि पूर्ण वाढली तरी जेमतेम एक सेंटिमीटर भरते. काडीने डिवचली की जोरात वळवळते आणि बारीक धाग्याला लोंबकळते. हे पतंगाचं पिल्लू, झाडाच्या पानावर जगणारं. माणसाच्या पोटात ती जगूच शकत नाही, मग मेंदूत जाण्याचा प्रश्नच येत नाही. चुकून शिजून पोटात गेली तर किळस वाटेल, पण विषबाधा होणार नाही.

मेंदूत जंतांच्या गाठी होतात हे मात्र खरं आहे. डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी ज्याच्या आतड्यात असतो, त्याच्या विष्ठेतून त्या कृमीची अंडी बाहेर पडतात. मैला मिसळलेलं पाणी शेताला दिलं, किंवा शौचानंतर नीट न धुतलेले हात भाजीला लागले, तर ती अंडी भाजीवर येतात. ती पोटात गेली की त्यांतून निघालेली पिल्लं रक्तावाटे मेंदूत जाऊन बसू शकतात आणि माणसाला झटके येऊ लागतात. म्हणूनच हा आजार पूर्ण शाकाहारी माणसालाही होतो.

हे अंडं एका मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढं असतं, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते कोबीतच असतं असंही नाही. कोथिंबीर, पालक, गाजर, मुळा, माती किंवा घाण पाणी लागलेली कुठलीही भाजी चालते त्याला. तेव्हा अळी दिसली म्हणजे अंडी आहेत असं नाही आणि अळी नाही म्हणजे अंडी नाहीत असंही नाही. नीट शिजवलेल्या भाजीत ही अंडी मरतात. खरा धोका कच्च्या कोबीत आहे : कोशिंबिरीत, नूडल्सवर वरून भुरभुरलेल्या कोबीत, गाडीवर भजीबरोबर मिळणाऱ्या कच्च्या किसात.

गैरसमज २ : मीठ-हळदीच्या पाण्यात ठेवलं की सगळे किडे निघून जातात.

वस्तुस्थिती : मिठाच्या पाण्याने अळ्या पकड सोडतात, हे खरं. घरी भाज्या गोठवून ठेवण्याच्या अमेरिकी मार्गदर्शनात ब्रोकोलीसाठी हेच सांगितलं आहे. आपल्या मापात ते साधारण एक लिटर पाण्याला चहाचा एक चमचा मीठ आणि अर्धा तास असं बसतं. पण पकड सोडलेली अळी बाहेर यायला वाट हवी. अख्खा गड्डा बुडवला तर ती तुऱ्यांच्या बेचक्यातच अडकून मरते आणि तिथेच राहते. कोषात गेलेली अळी तर हलतच नाही, कारण तिने स्वतःभोवती जाळी विणून ती तुऱ्याला चिकटवलेली असते. ती बोटाने किंवा सुरीच्या टोकानेच काढावी लागते.

मावा हा दुसरा त्रास. कोबीवरचा मावा राखाडी-हिरवा असतो, दोन मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याच्या अंगावर मेणासारखी पांढरी भुकटी असते. या मेणामुळे पाणी त्याला भिजवतच नाही. वसाहतीवरून पाणी मोत्यासारखं ओघळून जातं आणि मावा जागेवरच राहतो. त्यामुळे नुसतं बुडवून ठेवणं पुरत नाही. तुरे पाण्यात जोरात खळबळावे लागतात, बोटाने चोळावे लागतात. पांढऱ्या वसाहतीने भरलेला दांडा सरळ कापून टाकलेला बरा.

हळदीने भाजीतले किडे सुटतील असा भरवसा नको. आणि आधीच उकळतं पाणी ओतलं तर अळी आहे तिथेच मरते, उकळलेल्या तुऱ्याच्या रंगात मिसळते आणि नंतर दिसत नाही. गरम पाणी वापरायचं तर सगळ्यात शेवटी. मीठ, व्हिनेगर किंवा क्लोरीनचे थेंब यांवर जंतांच्या अंड्यांसाठीही भरवसा ठेवू नये. ते काम उष्णतेचं आहे.

गैरसमज ३ : वरची पानं खाल्लेली असतील तर आत किडे असणारच, वर भोक नसेल तर आत स्वच्छ.

वस्तुस्थिती : कोबीचा गड्डा आतून बाहेर वाढतो. आतली पानं बंद गड्ड्यातच तयार होतात, तर पतंग अंडी घालतो बाहेरच्या पानांवर. म्हणून बहुतेक वेळा किडीचा सगळा खेळ वरच्या तीन-चार पानांतच आटोपतो. ती काढली की खालचा गड्डा घट्ट आणि कोरा निघतो. काळजी करायची ती गड्ड्यातच शिरणाऱ्या गोल भोकाची आणि भोकाशी साचलेल्या ओलसर, हिरव्या-काळ्या कणांची. ती अळीची विष्ठा असते. अशा गड्ड्याचे उभे दोन भाग करा आणि पान अन् पान सुटं करा.

फ्लॉवरचं उलट आहे. तो वरून पांढराशुभ्र दिसतो, पण तुऱ्यांखाली बारीक दांड्यांचं जंगल असतं आणि किडे तिथेच सावलीला बसतात. त्यामुळे फ्लॉवर वरून पाहून काहीच कळत नाही. तो उलटा करूनच पाहायचा.

काळे ठिपके दिसले म्हणजे किडेच, असंही समजू नये. ओल्या बोटाने ठिपका पुसा. हिरवट फराटा उमटला तर विष्ठा आहे, म्हणजे जवळच अळी किंवा कोष शोधा. काळपट, मखमली डाग असेल तर ती बुरशी. तेवढा भाग खोल कापून टाका आणि वास येत असेल तर गड्डाच फेका. पिवळसर झाक मात्र बहुधा उन्हाची असते, ती खायला हरकत नाही.

गैरसमज ४ : अळी सापडली म्हणजे भाजी बिनफवारणीची.

वस्तुस्थिती : चौकोनी ठिपक्यांचा पतंग औषधांना दाद न देण्यासाठीच जगभर कुप्रसिद्ध आहे. १९५०च्या दशकात जावा बेटावर त्याने डीडीटीला जुमानणं सोडलं आणि पुढे एकामागून एक औषधं पचवली. त्यामुळे फवारलेल्या फ्लॉवरमध्येही जिवंत अळी असू शकते. उलट जाळीखाली वाढवलेला किंवा किडीचा जोर नसतानाच्या काळातला गड्डा न फवारताही स्वच्छ असू शकतो. अळीवरून औषधाचा अंदाज बांधू नका. दोन्ही प्रकारच्या गड्ड्यांची वरची पानं काढायची आणि दोन्ही सारखेच नीट धुवायचे.

गैरसमज ५ : पाकिटातल्या, गोठवलेल्या भाजीत किडे नसतातच.

वस्तुस्थिती : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमात गोठवलेल्या ब्रोकोलीवर कारवाईची मर्यादा १०० ग्रॅममागे सरासरी ६० मावा, फुलकिडे किंवा कोळी अशी आहे. म्हणजे त्याखालची संख्या तिथे शेतमालात अटळ आणि निरुपद्रवी मानली जाते. हे किडे आरोग्याला घातक नाहीत म्हणूनच ही मुभा आहे. तुम्ही धर्माने, व्रताने किंवा किळसेपोटी एकही किडा चालवून घेत नसाल, तर पाकिटावर विसंबू नका, स्वतः तपासा. यहुदी धर्मात किडा खाणं निषिद्ध आहे, म्हणून हा नियम पाळणाऱ्या घरांत एक चांगली चाचणी करतात : भाजी खळबळून धुतलेलं पाणी पांढऱ्या कापडातून गाळायचं आणि कापड उजेडासमोर धरायचं. काही दिसलं तर पुन्हा धुवायचं. आपल्याकडेही जैन घरांत पाणी गाळायचं फडकं असतंच, तेच इथे चालेल.

एक फ्लॉवर, पाच लिटर पाणी

भाज्या ‘वाहत्या नळाखाली’ धुवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. सोलापुरात बहुतेक घरं साठवलेल्या पाण्यावर चालतात, तिथे हे परवडत नाही. पाऊण किलोचा एक गड्डा धरून हीच गोष्ट बेताच्या पाण्यात कशी करायची ते पाहू.

सगळी पानं काढून गड्डा उलटा करा आणि खिडकीशी न्या. मधला जाड देठ सुरीने शंकूसारखा कोरून काढला की तुरे आपोआप सुटे होतात. ते दोन बोटांच्या रुंदीचे करा, त्याहून मोठे नकोत. प्रत्येक तुरा उलटा धरून दांड्यांच्या बेचक्यांत पाहा. जाळी, विष्ठा, पांढरी भुकटी, वळवळ, जे दिसेल ते तिथेच काढा. हे काम पाच-सात मिनिटांचं आहे आणि निम्म्याहून जास्त सफाई इथेच होते.

मग दोन लिटर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवा. पातेलं आतून फिकट रंगाचं असेल तर बरं, तळाला काय बसलं ते दिसतं. तुरे तोंड खाली, दांडे वर असे ठेवा आणि तरंगू नयेत म्हणून वर ताटली ठेवा. अर्ध्या तासाने हाताने चांगले खळबळा आणि तुरे उचलून घ्या. पाणी ओतून तुरे गाळू नका, नाहीतर खाली बसलेले किडे परत त्यांच्यावरच येतील. दुसऱ्या पातेल्यात दीड लिटर साधं पाणी घेऊन पुन्हा खळबळा, पुन्हा उचला. उरलेल्या दीड लिटरमध्ये तिसरी खळबळ आणि तेच पाणी कापडातून गाळून पाहा. कापड कोरं निघालं की भाजी तयार. पहिलं खारं पाणी मोरीत जाऊ दे, बाकीची दोन्ही कुंड्यांना घाला.

कोबीला इतकं लागत नाही. वरची पानं काढा, गड्ड्याचे चार भाग करा, मधला दांडा काढा आणि पानं सैल करून धुवा. हे सगळं चिरण्याआधी करायचं. आधी बारीक चिरली तर अळीही चिरली जाते आणि मग काही ओळखू येत नाही.

कोशिंबिरीसाठी कोबी हवीच असेल तर वरची पानं नेहमीपेक्षा जास्त काढा, आतलं एकेक पान पिण्याच्या पाण्याने दोन्ही बाजूंनी चोळून धुवा आणि त्याआधी हात साबणाने स्वच्छ करा. याने धोका कमी होतो, संपत नाही. तो संपवायचा असेल तर पानं उकळत्या पाण्यात नीट शिजवून घ्या, किंवा कोशिंबीर साल काढलेल्या काकडीची करा आणि कोबी भाजीत घाला.