प्रेफरन्स शेअरचे पैसे परत द्यायचे, पण कुठून?

पश्चिम बंगालमधल्या पानागढ इथे मॅटिक्स फर्टिलायझर्स या कंपनीचा खत कारखाना आहे. त्याच्या उभारणीचे काम केलेल्या ईपीसी कन्स्ट्रक्शन्स या कंपनीचे मॅटिक्सकडे बिलांचे बरेच पैसे येणे होते. 2015 मध्ये दोघांनी तोडगा काढला. येण्यापैकी 250 कोटी रुपयांच्या बदल्यात मॅटिक्सने ईपीसीला 8 टक्के लाभांशाचे प्रेफरन्स शेअर दिले आणि तीन वर्षांनी त्यांचे पैसे परत करायचे ठरले. मुदत भरली, पण पैसे मिळाले नाहीत. ईपीसीने दिवाळखोरी कायद्याखाली दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायालयाने ईपीसीच्या विरोधात निकाल दिला. न्यायालयाच्या मते प्रेफरन्स शेअर हे कर्ज नाही, भागभांडवल आहे. त्याची परतफेड कायद्याने आखून दिलेल्या पैशातूनच होऊ शकते. तसा पैसा नसेल, तर मुदत उलटली म्हणून कंपनी कर्जबुडवी ठरत नाही.

बिलाचे पैसे मागणारा धनको एका सहीने भागधारक झाला आणि रांगेत मागे गेला. हे त्याच्यावर अन्याय करणारे वाटेल. पण या नियमामागे कोणाचे तरी संरक्षण आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

प्रेफरन्स शेअरवाल्याला दोन बाबतींत अग्रहक्क असतो. लाभांश वाटताना त्याचा वाटा साध्या समभागधारकाच्या आधी निघतो, आणि कंपनी गुंडाळली तर भांडवलही त्याला आधी मिळते. मात्र हा अग्रहक्क इतर भागधारकांपुढचा आहे. बँक, माल पुरवणारे व्यापारी, कामगार यांची देणी त्याच्याही आधी. कंपनी बुडाली तर पहिला फटका भागभांडवलाने सोसायचा, आणि त्या भरवशावर लोक कंपनीला उधार देतात. म्हणून कंपनीने भागधारकांना भांडवल आपल्या मर्जीने परत वाटू नये, हे तत्त्व इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1887 मध्येच ट्रेव्हर विरुद्ध व्हिटवर्थ या खटल्यात पक्के केले होते.

प्रेफरन्स शेअरची परतफेड या तत्त्वाला छेद देते. आपल्याकडे ती करावीच लागते. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 55 नुसार कायमस्वरूपी प्रेफरन्स शेअर काढताच येत नाहीत. पायाभूत प्रकल्पांचा अपवाद सोडला तर 20 वर्षांच्या आत ते फेडावे लागतात. मग भांडवल बाहेर जाऊनही धनकोंचा आधार कमी होऊ नये, यासाठी कायद्याने दोनच वाटा मोकळ्या ठेवल्या. एक तर याच कामासाठी नवे शेअर काढायचे, म्हणजे जुने भांडवल गेले तेवढे नवे आले. किंवा लाभांश म्हणून वाटता आला असता अशा नफ्यातून परतफेड करायची. पण ही दुसरी वाट धरली, तर फेडलेल्या शेअरांच्या दर्शनी किमतीएवढी रक्कम त्या नफ्यातून काढून ‘कॅपिटल रिडम्प्शन रिझर्व्ह’ या खात्यात टाकायची. शेअर पूर्ण भरणा झालेले असावेत, ही अटही आहे.

हे आकड्यांत पाहू. समजा, यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. समभाग भांडवल 50 लाख, प्रेफरन्स भांडवल 20 लाख, साठलेला वाटण्याजोगा नफा 30 लाख, बँक आणि व्यापाऱ्यांचे देणे 40 लाख. एकूण 140 लाख. समोरच्या बाजूला बँकेत 25 लाख आणि इमारत, यंत्रे, माल, उधारी मिळून 115 लाख. प्रेफरन्स शेअर 5 टक्के अधिमूल्याने फेडायचे, म्हणजे 21 लाख द्यायचे आहेत.

रिझर्व्हची अट नसती तर काय झाले असते? 20 लाखांचे भांडवल गेले, अधिमूल्याचा एक लाख नफ्यातून गेला, 29 लाखांचा नफा तसाच उरला. पुढे कंपनी तो सगळा लाभांश म्हणून वाटू शकली असती. मग धनकोंच्या पाठीशी आधी 70 लाखांचे भांडवल होते, तिथे 50 लाखच राहिले असते.

अट असल्यामुळे 30 लाखांतले 20 लाख रिझर्व्हमध्ये जातात, एक लाख अधिमूल्याला जातो आणि वाटण्याजोगा नफा 9 लाखांवर येतो. समभागांचे 50 आणि रिझर्व्हचे 20 मिळून 70 लाख पुन्हा कुलूपबंद. कंपनीने 8 लाखांचे नवे समभाग काढले असते, तर रिझर्व्हला 12 लाख पुरले असते. 58 आणि 12 मिळून बेरीज तीच. वाट कुठलीही धरा, 70 चा आकडा हलत नाही.

या रिझर्व्हबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ती परतफेडीसाठी बाजूला ठेवलेली रोकड आहे, असे अनेकांना वाटते. तसे नाही. आपल्या उदाहरणात परतफेडीचे 21 लाख बँकेतून गेले, तिथे 4 लाख उरले. रिझर्व्ह मात्र परतफेडीच्या वेळी उभा राहिला आणि त्यामागे वेगळे पैसे कुठेच नाहीत. नफा यंत्रांत आणि उधारीत अडकला असेल, तर कंपनी बँकेचे कर्ज काढून किंवा जमीन विकूनही पैसे उभे करू शकते. पण म्हणून रिझर्व्हमधून सुटका नाही, कारण कर्ज म्हणजे नवे शेअर नव्हेत. डिबेंचरही नव्हेत. उलट, बँकेत भरपूर रोकड आहे पण वर्षानुवर्षांच्या तोट्यामुळे वाटण्याजोगा नफा नाही, अशी कंपनी नवे शेअर काढल्याशिवाय परतफेड करूच शकत नाही.

रिझर्व्हमधली रक्कम लाभांशाला वापरता येत नाही. ती कमी करायची, तर भांडवल कमी करताना लागते तीच पद्धत: विशेष ठराव, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी, धनकोंना हरकत घेण्याची संधी. एक उपयोग मात्र खुला आहे, पूर्ण भरणा झालेले बोनस शेअर देण्याचा. त्यात कंपनीबाहेर एक रुपयाही जात नाही. 20 लाखांचा रिझर्व्ह 20 लाखांचे समभाग भांडवल होतो, आणि ते तितकेच कुलूपबंद राहते.

नफा नाही आणि नवे शेअर कोणी घेत नाही, अशा कंपनीसाठी कलम 55 मध्ये तिसरी तरतूद आहे. मूल्याने तीन चतुर्थांश प्रेफरन्स भागधारकांची संमती आणि न्यायाधिकरणाची मंजुरी घेऊन जुन्यांच्या जागी तेवढ्याच रकमेचे नवे प्रेफरन्स शेअर देता येतात. ज्यांची संमती नाही त्यांचे पैसे लगेच फेडण्याचा आदेश न्यायाधिकरणाने द्यायचा असतो. लाभांश दोन वर्षे वा अधिक थकला, तर प्रेफरन्स भागधारकांना सगळ्या ठरावांवर मताचा हक्कही मिळतो. पण धनकोच्या हातातली हत्यारे त्यांना मिळत नाहीत. म्हणून थकलेल्या बिलापोटी कोणी प्रेफरन्स शेअर देऊ केले, तर मुदत आणि लाभांशाचा दर पाहण्याआधी त्या कंपनीच्या ताळेबंदात वाटण्याजोगा नफा आहे का, हे पाहावे. राखीव निधींच्या टिपेत तो सापडतो. तिथे कॅपिटल रिडम्प्शन रिझर्व्ह दिसला, तर कंपनीने पूर्वी प्रेफरन्स शेअर फेडले असतील किंवा बायबॅक केला असेल, कारण राखीव नफ्यातून केलेल्या बायबॅकलाही कलम 69 ने हाच नियम लावला आहे. मात्र ती रक्कम नव्या परतफेडीसाठी मोजायची नाही.