फायबर की जाळी? आधी विचारा, तडा किती वाजता पडला

नाशिकला मामाच्या बंगल्यासमोर गाडी आत घ्यायला काँक्रीटचा स्लॅब टाकायचा होता. ३ मीटर रुंद, १० मीटर लांब, १२५ मिमी जाड. मिस्त्री म्हणाला, "साहेब, जाळी सोडा, फायबरची पुडी टाकू, तडाच जाणार नाही." मामाने मला फोन केला, कारण माझी पीएचडी काँक्रीटवर आहे म्हणे! माझं उत्तर ऐकून तो थोडा वैतागला. मी विचारलं, "कुठला तडा?"

कारण तड्याला वय असतं. पहिला प्रकार ओतल्यापासून काही तासांतला. ऊन आणि वारा वरचं पाणी आतून वर येणाऱ्या पाण्यापेक्षा वेगाने उडवतात, पृष्ठभाग आकसतो, आणि अजून मऊ असलेलं काँक्रीट फाटतं. हे तडे उथळ, साधारण समांतर, आणि बहुतेक वेळा कडेपर्यंत न पोहोचणारे असतात. दुसरा प्रकार आठवड्यांनी, महिन्यांनी येतो. घट्ट झालेलं काँक्रीट सुकत आकसतं, खालची जमीन त्याला धरून ठेवते, आणि स्लॅब एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पूर्ण जाडीत तुटतो.

मिस्त्रीची पुडी म्हणजे केसासारखे बारीक पॉलिप्रोपिलीन तंतू. बाजारात ती बहुधा १२५ ग्रॅमची, एका सिमेंट गोणीला एक अशी मिळते. म्हणजे घनमीटरला साधारण ०.९ किलो. हे तंतू पहिल्या प्रकारावर खरोखर काम करतात. दुसऱ्यावर जवळजवळ काहीच नाही, कारण स्लॅब एकदा तुटल्यावर दोन बाजू ओढून धरण्याइतका जोर त्यांच्यात नाही. जाळीचं नेमकं उलटं. तडा पडायचं ती थांबवत नाही, पडलेला तडा उघडू देत नाही. पहिल्या चार तासांत तिचा उपयोग शून्य.

आता आकसण्याचा हिशेब करा. सुकताना मीटरमागे साधारण ०.५ मिमी धरलं, तर १० मीटरला ५ मिमी. ही हालचाल कुठेतरी दिसणारच. म्हणून जाळी असो वा फायबर, सांधे हवेतच. जाडीच्या २४ ते ३० पट अंतर हा ठोकताळा घेतला तर ३ ते ३.७५ मीटर. आपल्याला दोन काप, म्हणजे साधारण ३.३ मीटरचे तीन तुकडे. काप जाडीच्या पाव, ३० मिमीच्या आसपास खोल. दुसऱ्या दिवशी सावकाश कापू म्हटलं तर उन्हाळ्यात स्लॅब स्वतःच आपली जागा निवडून तुटलेला असतो.

खर्च बघू. दर फक्त हिशेबासाठी धरलेत, तुमच्या गावचे टाका. ८ मिमी सळई २०० मिमी अंतराने दोन्ही बाजूंनी टाकली तर चौरस मीटरला १० मीटर सळई, सुमारे ४ किलो. ३० चौरस मीटरला १२० किलो, ओव्हरलॅप आणि कापणी धरून १३०. ६० रुपये किलोने ७,८००. शिवाय बांधणीची मजुरी आणि कव्हर ब्लॉक. पुडी ४० रुपये धरली तर २६ गोण्यांना १,०४०. तुलना इथेच थांबवली तर पुडी जिंकते, पण ती दोन वेगळ्या कामांची तुलना झाली.

जाळीला खरा पर्याय मॅक्रो फायबर, म्हणजे जाड, ४०-५० मिमी लांबीचे तंतू. घनमीटरला ४ किलो, आपल्या ३.७५ घनमीटरला १५ किलो. ३५० रुपये किलोने ५,२५०. मजुरी वाचते. पण मिश्रण घट्ट वाटू लागतं आणि साइटवर कुणीतरी पाणी ओततं. इथेच सगळं बिघडतं: जास्त पाणी म्हणजे जास्त आकसणं. प्लास्टिसायझर वापरा, पाणी नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. "४ किलो फायबर म्हणजे ८ मिमीची जाळी" असं पत्रक दिसलं, तर किलो बघू नका. खाच पाडलेल्या बीमवर, EN 14651 प्रमाणे, तडा ०.५ मिमी उघडला असताना किती ताण उरला, तो आकडा (fR1) मागा. दाबाची ताकद फायबरने फारशी बदलत नाही. क्यूब तोडून तुलना करणारा प्रबंध चुकीचा प्रश्न विचारतो.

जाळीचा घोटाळा वेगळाच आहे. कागदावर ती वरच्या भागात, ४०-५० मिमी कव्हरखाली असते. प्रत्यक्षात ओतताना मजूर तिच्यावर चालतात आणि ती खडीला टेकते. "ओतताना हुकाने वर ओढू" यावर विश्वास ठेवू नका. तळाला गेलेली जाळी वरचा तडा धरू शकत नाही, मग ७,८०० रुपये जमिनीत गेले. तपासायचं असेल तर कव्हर मीटर फिरवा, किंवा ओतताना स्वतः उभे राहा.

मामाला शेवटी सांगितलं: पुडी टाक, कारण एप्रिलमध्ये ओततोयस. दोन काप संध्याकाळीच मार, सात दिवस ओलं गोणपाट ठेव. जाळी फक्त गेटजवळच्या पट्ट्यात, जिथे खाली गटाराची भर घातली आहे आणि जमीन बसू शकते. बाकीची रक्कम खालच्या मुरमाच्या दाबणीवर घाल. मिस्त्रीला काप आवडले नाहीत, "फरशीसारखं दिसेल" म्हणाला. मामाने तेवढ्यावरून त्याच्याशी अर्धा तास वाद घातला.