वास येतो कुठून आणि जातो कसा?

ताज्या घामाला फारसा वास नसतो. वास तयार होतो तो त्वचेवरच्या जिवाणूंमुळे. घाम आणि मेलेली त्वचा यांवर ते पोसले जातात आणि त्यातून आंबट वासाची आम्लं बाहेर पडतात. पायाच्या कुबट वासामागचं आयसोव्हॅलेरिक आम्ल त्यांपैकीच एक. हेल्मेटचं अस्तर आणि बुटाच्या आतला तळ या दोन्ही जागा उबदार, ओलसर आणि बंद असतात, म्हणून जिवाणूंचं तिथे फावतं. वर अत्तर किंवा डिओ मारला तर वास तेवढ्यापुरता झाकला जातो. ओल आणि जिवाणूंचं खाद्य तसंच राहतं.

आधी हेल्मेट. बऱ्याच हेल्मेटमध्ये गालाजवळच्या गाद्या आणि डोक्यावरचं अस्तर बटणांवर बसवलेलं असतं, ते सुटं होतं. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अर्धी बादली कोमट पाण्यात चमचाभर बेबी शाम्पू घालून गाद्या पंधरा मिनिटं बुडवा, हातानं दाबत मळ काढा आणि फेस जाईपर्यंत साध्या पाण्यातून काढा. शाम्पू आत राहिला तर पुढच्या घामाबरोबर तो कपाळावर उतरतो. गाद्या पिळू नका, स्पंज फाटतो; टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा.

अस्तर निघत नसेल तर शाम्पूच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा, मग साध्या ओल्या फडक्यानं. अस्तरामागे थर्माकोलसारखा थर असतो, अपघातात धक्का झेलणारा तोच. पेट्रोल आणि थिनरनं तो विरघळतो, जास्त उष्णतेनं आकसतो. म्हणून ही द्रावणं आणि हेअर ड्रायर दूर ठेवा.

बुटांचं तंत्र तेच, फक्त तिथे जपायचा असतो डिंक. गरम पाण्यानं तो सैल पडून तळवा सुटू शकतो. नाडी आणि आतला सुटा तळ काढून वेगळे धुवा, बूट आतून ब्रशनं घासा. नंतर वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ते ओले झाले की बदला.

खरी कसोटी वाळवण्यात आहे. कापड हाताला कोरडं लागतं तेव्हाही आतला स्पंज ओला असू शकतो. गादीवर टिश्यू पेपर जोरात दाबून पाहा. ओल उमटली तर अजून वाळायची आहे. पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण रात्रही पुरत नाही. अर्धवट वाळलेली गादी परत बसवली की दोन दिवसांत वास हजर!

पूर्ण कोरड्या बुटात रात्री दोन चमचे खाण्याचा सोडा पसरून सकाळी झटका. सोडा त्या आम्लांशी संयोग पावून त्यांचे वास नसलेले क्षार बनवतो. मात्र त्यात व्हिनेगर मिसळू नका. दोघं एकमेकांनाच निकामी करतात. रोज धावणाऱ्यांनी दोन जोड आलटून पालटून वापरावेत, म्हणजे प्रत्येकाला वाळायला एक दिवस मिळतो.

एवढं करूनही वास राहिला आणि स्पंजचा भुगा पडू लागला असेल, तर त्याच मॉडेलच्या नव्या गाद्या किंवा नवा तळ घ्या. बोटांच्या बेचक्यांत खाज सुटून साल निघत असेल, तर ती बुरशी असू शकते. तेव्हा बूट धुऊन भागणार नाही, पाय डॉक्टरांना दाखवायला हवेत.