कुट्टू : नावात गहू, कुळात चुका

वाण्याकडे उपवासाच्या जिन्नसांच्या फळीवर राजगिरा आणि शिंगाड्याच्या पिठाशेजारी अलीकडे कुट्टूच्या पिठाची पुडी दिसू लागली आहे. पुडीवर देवनागरीत ‘कुट्टू’ आणि त्याखाली इंग्रजी नाव ‘बकव्हीट’ असे छापलेले असते. व्हीट म्हणजे गहू, आणि गहू उपवासाला चालत नाही. मग हे पीठ उपवासाच्या फळीवर कसे, असा प्रश्न चौकस गिऱ्हाइकाला पडतो. हेच पीठ गव्हाचे पथ्य असलेल्या रोग्यांनाही सांगितले जाते, तेव्हा गोंधळात भर पडते. येथे खरे तर तीन प्रश्न एकात एक गुंतले आहेत. कुट्टूचे गव्हाशी नाते काय, त्यात ग्लुटेन का नाही, आणि ते उपवासाला का चालते? तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला लावले की घोटाळा होतो. कधी कधी तो जिवावर बेततो.

आधी नात्याचे पाहू. इंग्रजी नाव डच भाषेतून आले. युरोपात ‘बीच’ नावाचा वृक्ष आहे. त्याचे फळ लहान, तपकिरी आणि तिधारी असते. कुट्टूचा दाणाही तसाच तिधारी. म्हणून डच लोकांनी त्याला ‘बीचचा गहू’ म्हटले आणि इंग्रजांनी तोच शब्द आपल्या उच्चाराने घेतला. ‘फॅगोपायरम’ या शास्त्रीय नावातही बीच आणि गहू हेच दोन शब्द जोडलेले आहेत. फ्रेंचांनी त्याला ‘काळा गहू’ असेही म्हटले. दळून भाकरी, घावन करता येते एवढ्यावरून ही नावे पडली. वापरावरून ठेवलेल्या नावांना वंशावळ मानण्याचे कारण नाही.

कुळ पाहायचे तर रोपाकडे वळावे. गहू हे गवत. ज्वारी, बाजरी, भात, नाचणी, ऊस आणि बांबू ही सारी त्याची भावकी. गव्हाचा दाणा रुजला की एकच सरळ पाते वर येते. कुट्टूचा दाणा रुजला की दोन गोलसर दले उघडतात, म्हणजे तो द्विदल वनस्पतींपैकी. या दोन शाखा दहा कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी एकमेकींपासून दूर गेल्या. कुट्टूची पाने हृदयाच्या आकाराची, देठ तांबूस आणि फुले पांढरी किंवा गुलाबी असतात. त्याचे कुळ चुक्र कुल, म्हणजे आपल्या आंबट चुक्याचे. बाजारातून चुक्याची जुडी आणाल तेव्हा पानाचा देठ खोडाला मिळतो ती जागा निरखून पाहा. तेथे खोडाभोवती कागदासारखा पातळ पापुद्रा गुंडाळलेला दिसेल. ही या कुळाची खूण. कुट्टूच्या पेऱ्यावरही असाच पापुद्रा असतो. औषधात वापरली जाणारी रेवाचिनी याच घराण्यातली. थोडक्यात, कुट्टू गव्हाचा भाऊ नसून चुक्याचा आहे.

त्याचे मूळ घर चीनच्या नैर्ऋत्येला. तेथील युन्नान प्रांतात त्याचा रानटी पूर्वज जपानी संशोधक ओहमी ओहनिशी यांना सापडला आणि 1990 च्या सुमारास त्यांनी तो जगापुढे आणला. हिमालयात हे पीक जुने आहे. उत्तराखंड-हिमाचलात गोड जातीला ओगल आणि कडवट जातीला फाफर म्हणतात. थंड हवेत, हलक्या जमिनीत ते अडीच-तीन महिन्यांत हाती येते. कोवळ्या पानांची भाजी होते, दाण्यांचे पीठ होते.

आता ग्लुटेन. त्याची ओळख घरच्या परातीत होऊ शकते. मूठभर कणीक घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. मग तो गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली बोटांनी दाबत धुवा. पांढरे पाणी निघते, तो स्टार्च. पाणी निवळ येऊ लागले की हातात करड्या रंगाचा, रबरासारखा ताणणारा चिवट गोळा उरतो. हे ग्लुटेन. बोलोन्याच्या बेक्कारी नावाच्या प्राध्यापकांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हाच प्रयोग करून ते वेगळे काढले. गव्हाच्या दाण्यात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन अशा दोन प्रकारची प्रथिने साठवलेली असतात. पाणी लागून मळणी झाली की त्यांचे एकमेकांत गुंतलेले जाळे तयार होते. पोळी लाटताना ताणली जाते आणि पाव फुगतो तो या जाळ्यामुळे.

तोच प्रयोग कुट्टूच्या पिठावर केला तर हातात चिवट असे काही उरत नाही. गोळा पाण्यात विरघळत जातो. याचा अर्थ कुट्टूत प्रथिने नाहीत असा नाही. ती भरपूर आहेत, पण जात वेगळी. त्यातला मोठा भाग ग्लोब्युलिन गटाचा, म्हणजे तूर-हरभऱ्यातल्या प्रथिनांच्या जवळचा. ती गव्हासारखे जाळे विणत नाहीत. म्हणून उत्तरेत कुट्टूच्या पुऱ्या करताना पिठात उकडलेला बटाटा किंवा अळकुडी कुस्करून घालतात, नाहीतर कडा फाटतात. जपानात कुट्टूच्या ‘सोबा’ नावाच्या शेवया प्रसिद्ध आहेत. त्या तुटू नयेत म्हणून आठ भाग कुट्टूला दोन भाग गव्हाचे पीठ मिसळण्याची तेथे जुनी रीत आहे. म्हणजे कुट्टूच्या नावाने विकली जाणारी प्रत्येक वस्तू ग्लुटेनमुक्त असतेच असे नाही.

ज्यांना सीलिअॅक हा विकार आहे त्यांच्यासाठी हे जाळे विषासमान. ग्लायाडिनचे न पचलेले तुकडे त्यांच्या आतड्यात पोचले की शरीराची संरक्षक यंत्रणा चवताळते आणि आतड्याच्या आतल्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांवरच हल्ला करते. ते झिजले की खाल्लेले अंगी लागत नाही. गव्हाचा हा दोष डच बालरोगतज्ज्ञ डिके यांनी 1950 च्या आपल्या प्रबंधात मांडला. बार्ली आणि राय या गव्हाच्या जवळच्या भावंडांतही तशीच प्रथिने आहेत. कुट्टूत ती नाहीत.

तिसरा प्रश्न उपवासाचा. अनेकांचा समज असा की कुट्टू गवत नाही, म्हणून ‘धान्य’ नाही आणि म्हणून चालतो. आपल्याच घरातली वरी हा समज खोटा ठरवते. वरी हे शुद्ध गवत, गव्हाच्याच कुळातले, तरी एकादशीला भगर शिजते. ‘कुट्टूचा दाणा हे फळ आहे, म्हणून तो फलाहार’ असेही सांगतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने कुट्टूचा दाणा फळ आहे हे खरे. पण त्याच हिशेबाने गव्हाचा दाणाही फळच. उपवासाचे पदार्थ ग्लुटेन टाळण्यासाठी ठरले, ही तर अगदी अलीकडची समजूत. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत ग्लुटेन नाही, तरी त्यांतले एकही एकादशीला चालत नाही.

मग कसोटी कोणती? तिचा एक धागा आपल्या ऋषिपंचमीत दिसतो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असा नेम आहे. नांगरटीशिवाय आपोआप उगवलेले ते मुनींचे अन्न, अशी जुनी कल्पना त्यामागे आहे. दुसरा धागा रोजच्या ताटाचा. जे नित्य जेवण, ते व्रताच्या दिवशी बाजूला ठेवायचे. गंगेकाठच्या मैदानात गहू-तांदूळ हे रोजचे अन्न. डोंगरातून येणारा कुट्टू त्याबाहेरचा, म्हणून तो व्रतात बसला असे मानायला जागा आहे. ही यादी शिळेवर कोरलेली कधीच नव्हती. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका ही सारी अमेरिका खंडातून आलेली, तरी आज त्यांच्यावाचून आपला उपवास होत नाही. उलट धान्यफराळात धान्य भाजून घेतले की चालते. यादी रीतीने ठरली आहे. तिच्यात प्रथिनांचा हिशेब कधीच नव्हता.

येथेच धोका आहे. माझ्या परिचयातल्या एका शाळकरी मुलीला सीलिअॅकचे निदान झाले. घरच्यांनी सोपा मार्ग काढला : मुलीला रोज उपवासाचे द्यायचे. राजगिरा, शिंगाडा आणि कुट्टू गिरणीतून दळून आणायचे. तरीही पोटाची तक्रार सुटेना आणि वजन वाढेना. अखेर आहारतज्ज्ञाने विचारले, दळण कुठे दळता? त्या गिरणीत दिवसभर गहू दळला जात होता. उपवासाचे दळण आले की गिरणीवाला आधी मूठभर तेच धान्य टाकून दगड ‘साफ’ करी. व्रतासाठी एवढे सोवळे पुरते. आतड्याला ते पुरत नाही.

का पुरत नाही, ते एका हिशेबाने कळेल. आपल्या देशातल्या नियमानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन असलेला पदार्थच ग्लुटेनमुक्त म्हणून विकता येतो. 100 ग्रॅम कणकेत साधारण 8 ग्रॅम ग्लुटेन धरले, तर 1 ग्रॅम कणकेत 80 मिलिग्रॅम होते. म्हणजे 20 मिलिग्रॅमची मर्यादा गाठायला पाव ग्रॅम कणीक पुरे. चहाच्या चमच्यात अडीच-तीन ग्रॅम कणीक मावते. तिचा दहावा हिस्सा किलोभर कुट्टूत मिसळला की मर्यादा भरली. गिरणीच्या दगडांच्या खाचांत याहून कितीतरी जास्त पीठ अडकलेले असते. एवढी भेसळ डोळ्यांना दिसत नाही आणि वर सांगितलेल्या धुण्याच्या प्रयोगातही कळत नाही. ती प्रयोगशाळेतच सापडते.

त्या घरी पुढे सोलीव अख्खा कुट्टू आणला जाऊ लागला. दाणा तिधारी असल्यामुळे चुकून आलेला गव्हाचा लांबट दाणा ताटात पसरल्यावर लगेच ओळखू येतो. निवडून, धुऊन, वाळवून तो घरच्याच मिक्सरमध्ये दळायचा, आणि त्या भांड्यात कणीक कधीही घालायची नाही. दळण थोडे थोडेच करायचे, कारण कुट्टूच्या पिठातले तेल हवेने लवकर खवट होते. उत्तरेत नवरात्रात कुट्टू खाऊन माणसे आजारी पडल्याच्या बातम्या येतात, त्यांत जुन्या, खराब झालेल्या पिठाकडे अनेकदा बोट दाखवले जाते. पिठाला कडवट किंवा कुबट वास आला की ते टाकून द्यावे. शिवाय कुट्टूची स्वतंत्र अॅलर्जीही काहींना असते. जपानात ती इतकी परिचित आहे की वेष्टनावर त्याचा उल्लेख सक्तीचा आहे. म्हणून पहिल्यांदा खाताना थोडे खाऊन पाहावे. ती मुलगी आता बरी आहे. तिच्या डब्यात आठवड्यातून दोनदा कुट्टूचे धिरडे असते, आणि त्याला उपवासाचे म्हणणे घरच्यांनी सोडून दिले आहे.